मॅडम बोलणार, आपण ऐकणार!

तुमच्या मोबाइलमधले किती ग्रुप म्यूटवर आहेत? खरं सांगा! ऑफिसचा, सोसायटीचा, कॉलेजच्या गँगचा, मामेभावाच्या लग्नासाठी काढलेला आणि लग्नाला दोन वर्षं झाली तरी कुणीच न सोडलेला... आपण सगळेच म्यूट करून सुखात जगतो. ऑफिसच्या ग्रुपवर काही राहून गेलंच, तर बॉस फोन करतोच. पण ज्या ग्रुपवर तुमच्या मुलाचा क्लास आज आहे की नाही हे कळतं, तो म्यूट केला तर? आणि नाही केला तर?

हा पेच माझ्या ताईचा. ती राहते बदलापूरला, नोकरी दादरला. भाचा सातवीत. त्याची शाळा अंबरनाथला, म्हणून क्लासही अंबरनाथ पूर्वेलाच, शिवमंदिराच्या रस्त्याला. मॅडम आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवतात. पाचवी ते आठवी मिळून ४६ मुलं. काही अंबरनाथची, काही उल्हासनगरच्या चार आणि पाच नंबर कॅम्पातून येणारी, काही बदलापूरची. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मॅडमनी ताईला एक निरोप पाठवला. ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना तो तपासून हवा होता. ‘तुझी बहीण पेपरात लिहिते ना? तिला म्हणावं, जरा नीट करून दे.’ मास कॉमची डिग्री अशीही कामाला येते!

निरोप असा होता :

‘सर्व पालकांना नम्र सूचना. उद्यापासून हा ग्रुप बंद होत आहे. यापुढे क्लासचे सर्व अपडेट्स फक्त चॅनलवर मिळतील. खालील लिंकवर क्लिक करून जॉइन व्हा. चॅनलवर पालकांना मेसेज करता येणार नाही. धन्यवाद.’

व्याकरण ठीक होतं. पण वाचल्या वाचल्या ताई म्हणाली, ‘म्हणजे आता मॅडम बोलणार आणि आपण ऐकणार!’ दोन ओळी सुधारायचं हे काम शेवटी आठ दिवस चाललं.

६३ मेसेज, कामाचे ३

आधी मॅडमची बाजू. त्यांचा ग्रुप मी ताईच्या मोबाइलवर वाचला. रविवारी संध्याकाळी सातपासून सोमवारी सकाळी दहापर्यंत ६३ मेसेज होते. त्यातले मॅडमचे फक्त तीन. एक गृहपाठाचा, एक बुधवारच्या टेस्टचा आणि तिसरा, ‘कृपया वरचा मेसेज वाचा’!

बाकीचे ६० कुणाचे? आपलेच. सगळ्यात मोठा ढीग होता ‘ओके मॅडम’, ‘थँक्यू टीचर’ आणि हात जोडल्याच्या चिन्हांचा. गंमत पाहा, यात कुणीच वाईट वागत नव्हतं. बाईंनी सांगितलं आणि आपण उत्तर दिलं नाही, तर बरं दिसत नाही, एवढीच भावना. पण तीस जणांनी नम्रपणा दाखवला की मूळ निरोप तीन स्क्रीन वर सरकतो. मग नऊच्या लोकलमधून उतरलेले एक बाबा विचारतात, ‘आज होमवर्क काय आहे?’ त्यांना चार आया उत्तर देतात, त्यातल्या दोघी वेगवेगळं! एकीच्या मते धडा तिसरा, दुसरीच्या मते चौथा. रात्री साडेदहाला मॅडम पुन्हा लिहितात, सकाळी ‘सुप्रभात’चे गुलाब येतात आणि ते उत्तरही गुलाबांखाली गडप होतं.

हे मॅडमनी सहन केलंही असतं. खरं कारण त्यांनी मला फोनवर सांगितलं. ‘अगं, एका आईला ग्रुपमधल्याच कुणाचे तरी रात्री मेसेज येत होते. आधी हाय, मग जेवलात का. तिने नंबर दिलाच नव्हता. तो ग्रुपमुळे गेला. म्हणजे माझ्यामुळे.’

हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. साध्या ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात. ४६ मुलांच्या मागे आई, बाबा, कुठे आजोबा, कुठे मामा असे ८०-८५ नंबर त्या यादीत होते. मूल क्लासला घालताना आपला नंबर ८४ अनोळखी लोकांना देतोय, असं कुणी म्हणत नाही. पण होतं तेच.

मग याच ग्रुपचं तोंड बंद का नाही करायचं?

माझा पहिला प्रश्न हाच होता. ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्येच दिली आहे. सेटिंगमध्ये एक बटण दाबा, गुलाब बंद! नवीन काही शिकायला नको, लिंक नको. शिवाय मॅडमसाठी त्यात एक मोठा फायदा. ग्रुपवर टाकलेला आपला मेसेज दाबून धरून `Info` उघडलं, की तो कुणाकुणाला पोचला आणि कुणी वाचला, याची नावानिशी यादी दिसते. ज्यांनी निळ्या टिका बंद ठेवल्या आहेत, त्यांचीही नावं ग्रुपमध्ये दिसतात. म्हणजे टेस्टच्या आदल्या रात्री मॅडमना कळतं, की सहा घरांनी अजून निरोप उघडलेलाच नाही.

पण यात नंबर लपत नाहीत. बोलणं थांबतं, यादी उघडीच राहते. मॅडमचा मूळ प्रश्न सुटत नाही.

दुसरा मार्ग ब्रॉडकास्ट लिस्टचा. मॅडम एकदाच पाठवणार, प्रत्येकाला तो खासगी मेसेज म्हणून मिळणार, नंबर कुणाचे कुणाला दिसणार नाहीत. एकदम झक्कास वाटतं ना? पण मॅडमचा नंबर ज्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे, त्यांनाच तो पोचतो. आणि ‘ओके मॅडम’ आता ८४ वेगवेगळ्या खिडक्यांतून थेट त्यांच्या मोबाइलवर! एका ग्रुपची डोकेदुखी ८४ ठिकाणी वाटली जाते.

राहिलं चॅनल. व्हॉट्सअ‍ॅपची चॅनल्स भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली. टेलिग्रामवर ती २०१५ पासूनच आहेत. पण अंबरनाथ-उल्हासनगरच्या आजी-आजोबांना टेलिग्राम डाऊनलोड करायला कोण सांगणार? म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच. इथे फॉलो करणारे एकमेकांना दिसत नाहीत, नंबर उघडे पडत नाहीत, कुणी उत्तर लिहून पाठवू शकत नाही. फार तर अंगठा किंवा बदाम दाबता येतो. मॅडमना हवं होतं तसंच!

भिंत नसलेला वर्ग

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? अडचण ही, की चॅनल म्हणजे तोंड बंद केलेला ग्रुप नव्हे. ग्रुपला भिंत असते. आत कोण आहे ते अ‍ॅडमिनला माहीत असतं, नको असलेल्याला काढता येतं. चॅनल हे मुळात चौकातल्या फळ्यासारखं आहे. लिंक ज्याच्या हाती लागेल, तो फॉलो करू शकतो. आणि आपल्याकडे लिंक हाती लागायला किती वेळ लागतो? एका आईने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, की संपलं. शिवाय आपल्या नेहमीच्या गप्पा आणि ग्रुप जसे एंड-टू-एंड कुलूपबंद असतात, तसं चॅनल नसतं. ते जाहीर सांगण्यासाठीच बनलं आहे.

आता मॅडमच्या जुन्या ग्रुपवर काय काय यायचं पाहा. टेस्टच्या मार्कांच्या वहीचा फोटो, सगळ्या मुलांच्या नावांसकट. ‘आज अमका आला नाही, पालकांनी कळवावे.’ बक्षीस घेतानाचे मुलांचे फोटो. ‘आज सातवीची बॅच साडेसातला सुटेल.’ ८४ ओळखीच्या-अनोळखी लोकांसमोरही हे जरा जास्तच होतं. चॅनलवर तर ते कुणाहीसमोर. म्हणून आमचा पहिला नियम ठरला : ज्या वाक्यात एखाद्या मुलाचं नाव, चेहरा किंवा मार्क आहेत, ते वाक्य चॅनलवर जाणार नाही. मुलं उशिरा कधी आणि कुठून बाहेर पडणार, हेही नाही.

दुसरी अडचण बारीक आहे, पण खरी गोम तिच्यातच. चॅनल फॉलो केलं, की त्याची नोटिफिकेशन्स आपोआप म्यूट असतात. घंटीच्या चिन्हावर टॅप करून ती आपणच चालू करायची. शिवाय चॅनल नेहमीच्या चॅट्सच्या यादीत येत नाही, ते दिसतं `Updates` या टॅबमध्ये. जिथे आपण एरवी मावशीचं स्टेटस बघायला जातो, तिथे.

तिसरी अडचण मॅडमची. फॉलो करणाऱ्यांचा एकूण आकडा त्यांना दिसतो. ७१ दिसला, समजा. पण त्या ७१ मध्ये ४६ पैकी किती घरं आली? एका घरातून आई, बाबा आणि आत्या असे तिघं असतील आणि दुसऱ्या घरातून कुणीच नसेल. ग्रुपमध्ये नावानिशी ‘वाचलं’ कळायचं, ते इथे गेलं. म्हणजे मॅडमची डोकेदुखी गेली, आणि तिच्याबरोबर पोचपावतीही गेली.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. म्हणून आम्ही ट्रायल घेतली. ताई धरून पाच घरांना लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मॅडमनी चॅनलवर लिहिलं, ‘हे वाचल्यावर मला फोन करा.’ रात्री नऊपर्यंत दोन फोन आले. उरलेल्या तीन घरांपैकी दोघांनी घंटी चालू केलेली नव्हती. तिसऱ्या घरच्या आजोबांनी लिंक उघडून चॅनल नुसतं पाहिलं होतं, फॉलोचं बटण दाबायचं राहिलं होतं. सगळी शिकलेली, मोबाइल सराईतपणे वापरणारी घरं, बरं का!

एका बाबांचा सवाल

ट्रायलमध्ये एक बाबा होते, बदलापूर पश्चिमेचे. फोनवर त्यांनी चॅनलबद्दल ब्रही काढला नाही. त्यांनी सरळ विचारलं, ‘मॅडम, एक सांगा. मग आम्ही पालकांनी आपापसांत बोलायचं कुठे?’

हा प्रश्न इथे, या पट्ट्यात, साधा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला संतापलेले लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल अडकल्या. ताई त्या दिवशी दादरहून घरी कशी पोचली, ते ती अजून सांगते. पण त्या दिवसानंतर तिच्यात पडलेला फरक वेगळाच आहे. मुलगा घरी येऊन ‘आज नवीन सर आले होते’ म्हणाला, की ती दुसऱ्या एका आईला विचारून खात्री करून घेते. आणि ती दुसरी आई तिला भेटली कुठे? त्याच गुलाबांच्या ग्रुपमध्ये!

गजबजलेल्या ग्रुपचा हा उपयोग आपण मोजतच नाही. त्यात कचरा असतो, अफवाही असतात. पण ‘तुमच्याकडेही असं झालं का?’ हा प्रश्न विचारायची ती जागा असते. एकट्या पालकाला जी शंका आपलाच वेडेपणा वाटते, ती तीन घरांत निघाली की शंका राहत नाही. एकतर्फी चॅनलमध्ये ही जागाच नाही. तिथे प्रत्येक पालक एकटा. शिकवणाऱ्याची बाजू सगळ्यांना ऐकू येते आणि पालकाची कुणालाच नाही. मॅडम कितीही चांगल्या असल्या, तरी ही रचना चांगल्या आणि वाईट दोन्ही क्लासना सारखीच सोयीची आहे.

त्यात या घरगुती क्लासना बाहेरून विचारणारंही फारसं कुणी नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कोचिंग सेंटरची व्याख्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची आहे. ४६ मुलांचा क्लास त्यात बसतच नाही. इथे जे काही आहे, ते मॅडम आणि पालक यांच्यातल्या विश्वासावर चालतं. म्हणजे तो निरोप नुसती सूचना राहत नाही. दोघांमधला करारच होतो तो.

मॅडमना हे पटायला दोन दिवस लागले. ‘अगं, मी काय लपवणार आहे?’ असं त्या आधी दुखावून म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. ‘पालकांचा वेगळा ग्रुप असू दे. मी त्यात नसेन. ज्यांना आपला नंबर द्यायचा असेल, त्यांनीच यावं.’

हा फंडा मला एकदम पटला. नंबर द्यायचा की नाही हे आता प्रत्येक आई स्वतः ठरवणार. आणि मॅडमच्या पाठीमागे बोलायची सोय खुद्द मॅडमनीच करून दिली! ताई त्या ग्रुपमध्ये लगेच गेली. रात्री मेसेज यायचे ती आई गेली नाही. दोघींचंही बरोबर आहे.

शेवटी गेलेला निरोप

आठव्या दिवशी गेलेला निरोप असा. तुमच्याही ओळखीत कुणी क्लास घेत असेल, तर खुशाल उचला.

‘नमस्कार. १५ दिवसांनी या ग्रुपवर सूचना देणे थांबेल. तोपर्यंत इथे फक्त मी लिहीन आणि प्रत्येक सूचना दोन्हीकडे टाकीन.

चॅनलवर येईल : गृहपाठ, टेस्टची तारीख आणि धडे, सुट्टी, फीची तारीख. रोज एकच मेसेज, रात्री ८ वाजता.

चॅनलवर येणार नाही : कोणत्याही मुलाचे नाव, फोटो, मार्क. ते वहीत लिहून येतील.

लिंक उघडून फॉलो दाबा. मग घंटीचे चिन्ह दाबून आवाज चालू करा. जमले नाही तर मुलाला न्यायला याल तेव्हा मोबाइल घेऊन या, मी करून देते.

तुमच्या मुलाबद्दल बोलायचे असेल तर रात्री ९ ते ९.३० मला फोन करा. तातडीचे असेल तर केव्हाही.

मूल वेळेवर आले नाही तर १५ मिनिटांत मी तुम्हाला फोन करीन. चॅनलवर लिहिणार नाही.

क्लास अचानक रद्द झाला तर फोन येईल. चॅनलवर विसंबू नका.

पालकांनी आपापसांत बोलण्यासाठी वेगळा ग्रुप आहे. त्यात मी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ११ वाजता क्लासमध्ये भेटू.’

पाच ओळींचा निरोप चांगलाच लांबला, मान्य! पण आधीच्या निरोपात फक्त काय बंद होणार ते लिहिलं होतं. यात बंद झालेल्या प्रत्येक वाटेच्या बदली दुसरी कुठली, तेही लिहिलं आहे. उल्हासनगरच्या सिंधी घरांसाठी मॅडमनी हेच सगळं हिंदीत बोलून व्हॉइस मेसेज टाकला. घरात वाचण्यापेक्षा ऐकणं ज्यांना सोपं, त्या आज्यांचीही त्यामुळे सोय झाली.

१५ दिवस दोन्हीकडे टाकायचं कारण साधं. चॅनलमध्ये मॅडम कुणाला ओढून आणू शकत नाहीत, प्रत्येकाने स्वतः फॉलो दाबायला हवं. ग्रुप त्याच दिवशी बंद केला असता, तर मागे राहिलेल्यांना मागे राहिल्याचंही कळलं नसतं.

पोचपावती वहीत

पण कोण मागे राहिलंय, हे मॅडमना कळणार कसं? यावर त्यांनी काढलेला उपाय ऐकून मी चाट पडले. पहिल्या शुक्रवारी चॅनलवर ओळ आली : ‘सोमवारी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर पालकांनी तारीख घालून सही करावी.’ मुलांना वर्गात यातलं काहीच सांगितलं नाही. सही आली म्हणजे घरी चॅनल वाचलं गेलं. आपल्या शाळेच्या डायरीतली सही आठवते ना? तीच! सोमवारी ३७ वह्यांवर सह्या होत्या. उरलेल्या नऊ घरांना मॅडमनी एकेक फोन केला. बहुतेकांकडे तीच घंटी बंद! पुढच्या खेपेला तीन वह्या राहिल्या. आता महिन्यातून एकदा, आधी न सांगता, ही सही मागितली जाते.

ही तपासणी अजून का? कारण चॅनल बिघडतं तेव्हा आवाज होत नाही. ग्रुप बिघडला की लगेच कळतं, मोबाइल दिवसभर वाजतो. चॅनल कुणी वाचत नसेल, तर तिथे छान शांतता असते. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं. कुणी नवा मोबाइल घेतो, कुणी नोटिफिकेशन्स कमी करताना हेही बंद करून टाकतो, आणि मॅडमना त्याचा पत्ताच नसतो. शांतता म्हणजे निरोप पोचला असं नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पाऊस आणि फोनची साखळी

या भागात पावसाळ्यात ‘क्लास आहे का’ हा प्रश्न टाइमपास नसतो. वालधुनी अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मधूनच वाहते. पलीकडे उल्हास नदी. जुलै २०१९ मध्ये तिच्याच पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. अशा दिवशी मूल अर्ध्या वाटेत असताना आलेला मेसेज काय कामाचा?

म्हणून मॅडमनी ४६ घरांचे सहा भाग केले. कॅम्प चार, कॅम्प पाच, अंबरनाथ पूर्व, अंबरनाथ पश्चिम, कुळगाव, बदलापूर पश्चिम. प्रत्येक भागात एक पालक, जो दुपारी घरी असतो आणि ज्याला नंबर द्यायला बाकीची घरं स्वतःहून तयार आहेत. मॅडम सहा फोन करणार, ते सहा जण आपापल्या सात-आठ घरांना करणार. आणि महत्त्वाचं म्हणजे, उलट फोन करून सांगणार की कोण लागलं नाही. हा उलट फोन नसेल, तर साखळीही चॅनलच होते, नुसती एकतर्फी!

जुलैतल्या एका दुपारी ती वेळ आली. पाचच्या बॅचसाठी साडेतीनला निर्णय झाला, क्लास रद्द. चारपर्यंत सहाही जणांचे उलट फोन आले होते. ४५ घरं झाली, कॅम्प पाचमधलं एक घर लागत नव्हतं. वडिलांचा फोन बंद, आई कामावर. मॅडमनी दार उघडं ठेवलं आणि वाट पाहत बसल्या. पाचला दहा कमी असताना एक भिजलेला मुलगा दप्तर डोक्यावर धरून आला. त्याला टॉवेल दिला, चहा-बिस्किटं दिली, दोन गणितंही सोडवून घेतली. साडेसातला आई आली, तेव्हा तो झोपाळला होता. ताईला मॅडम नंतर म्हणाल्या, ‘कोण येणार आहे हे माहीत होतं, म्हणून मी दारात होते.’

चॅनल अजून सुरू आहे. रात्री आठला एक मेसेज येतो, ताई तो लोकलमध्ये वाचते आणि अर्ध्या मिनिटात मोबाइल पर्समध्ये टाकते. मॅडमना रात्री दहानंतर गृहपाठ विचारणारा फोन येत नाही. पालकांच्या वेगळ्या ग्रुपवर मात्र ‘सुप्रभात’चे गुलाब पुन्हा फुलले आहेत, ताईने तो म्यूट केलाय! पण सोडलेला नाही. गेल्या महिन्यात तिथे एका आईने विचारलं, ‘रिक्षावाले काका बदललेत का? मुलं नवीन माणसाचं नाव सांगतायत.’ सहा घरांनी सहा मिनिटांत उत्तर दिलं. काका गावाला गेले होते, नवा माणूस त्यांचा पुतण्या निघाला. ताईने त्याचा नंबर सेव्ह केला आणि ग्रुप परत म्यूट केला.